दुधाच्या बाटलीबद्दल दुकानदाराने नेमकं काय लिहावं?

सांगलीचा_सदा
सोमवार, रात्री १०:४०

मंडळी, सांगलीत माझं लहान मुलांच्या वस्तूंचं दुकान आहे. झबली, टोपरी, पाळण्याचे दोर, खुळखुळे, दुपटी असला माल. आता भाच्याने दुकानाची वेबसाईट करायला घेतली आहे आणि प्रत्येक वस्तूखाली चार ओळी लिहून द्या म्हणून मागे लागलाय. झबल्याचं झालं. अडलंय ते दुधाच्या बाटलीपाशी.

माझ्याकडे तीन प्रकार आहेत. एक साधी दुधी रंगाची प्लास्टिकची, २५० मिली. दुसरी चहाच्या पाण्यासारख्या रंगाची, खोक्यावर 'पीपीएसयू' छापलंय, किंमत साध्या बाटलीच्या तिप्पट. तिसरी काचेची, १२० मिलीची. होलसेलवाल्याने पाठवलेला मजकूर असा: 'प्रीमियम दर्जा, १०० टक्के सुरक्षित, बीपीए फ्री, वय ० ते २४ महिने, स्वच्छ करायला सोपी.' हे वाचून मलाच काही कळलं नाही, गिऱ्हाइकाला काय कळणार?

दुकानात आया विचारतात ते वेगळंच असतं. "माझं बाळ पाच महिन्यांचं आहे, हिचं निपल चालेल का?" "कुकरमध्ये घालू का?" "ही पिवळी का दिसते, जुना माल आहे का?" तर तुम्ही आईबाप म्हणून बाटली घेताना काय वाचायला हवं असतं ते सांगा. तीनही बाटल्यांवर आयएसआयचा शिक्का आहे, तेवढं मी बघूनच घेतो.

---

रंगराव_पुणे
सोमवार, रात्री ११:०५

सदाभाऊ, सरळ काचेची विका आणि बाकीच्या परत करा. बाटलीच्या बुडाला तिकोनात आकडा असतो तो बघा. ५ असेल तर एकवेळ ठीक. ७ असेल तर ते विष. पॉलिकार्बोनेट म्हणतात त्याला, त्यातून बीपीए नावाचं रसायन झिरपतं. तुमची ती चहाच्या रंगाची बाटली बघा, पैज लावतो, ७ असणार.

---

भटक्या_कोथरूड
सोमवार, रात्री ११:३०

मी सांगतो काय बघावं ते. चाकं! पुढची चाकं छोटी असतील तर आपल्या फुटपाथवर अजिबात चालत नाही. आम्ही घेतली ती दर दहा पावलांवर पेव्हर ब्लॉकमध्ये अडकते. दुसरं म्हणजे बाळाची मान धरेपर्यंत पाठ पूर्ण आडवी होणारी घ्या.

---

मेघा_नि
सोमवार, रात्री ११:३४

भटक्या, धागा बाटलीचा आहे हो. 😄 बाबागाडीचा नाही.

---

भटक्या_कोथरूड
सोमवार, रात्री ११:४१

अरे हो. 'लहान मुलांच्या वस्तू' एवढंच वाचलं आणि सुटलो. असू दे, कोणाच्या तरी कामी येईल.

---

साचा_आणि_ठसा
मंगळवार, सकाळी ७:५०

मी गेली एकोणीस वर्षं भोसरी आणि चाकणला इंजेक्शन मोल्डिंगच्या कारखान्यांत काढली आहेत. बाटल्यांचे साचेही चालवलेत. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

रंगराव, तुमचं अर्धं बरोबर आहे. पॉलिकार्बोनेटवर ७ असतो हे खरं. पण ७ हा कुठल्या एका प्लास्टिकचा आकडाच नव्हे. १ ते ६ मध्ये जे बसत नाही ते सगळं ७ मध्ये टाकतात. पीपीएसयूवरही ७ येतो, ट्रायटनवरही ७ येतो, आणि या दोन्हींत बीपीए नसतं. तेव्हा आकडा बघून घाबरू नये आणि आकडा बघून निर्धास्तही होऊ नये. पॉलिकार्बोनेटच्या बाटल्या युरोपात २०११ साली बंद झाल्या, अमेरिकेत २०१२ साली. आपल्याकडे २०१५ साली बाटल्यांचं मानक सुधारलं, आयएस १४६२५, त्यात बीपीएला मनाई आली. खरा शिक्का असलेल्या बाटलीत तो प्रश्न नसायला हवा. 'खरा' हा शब्द महत्त्वाचा. शिक्क्याखाली 'सीएम/एल' असं लिहून लायसन्सचा नंबर असतो, तो 'बीआयएस केअर' या अ‍ॅपमध्ये घालून पाहता येतो. सदाभाऊ, तुम्ही शिक्का बघता, आता नंबरही घालून बघा.

दुधी रंगाच्या बाटलीवर मोठ्या अक्षरांत 'बीपीए फ्री' लिहिणं म्हणजे बटाट्यावर 'शुद्ध शाकाहारी' लिहिण्यासारखं आहे. ती पॉलिप्रॉपिलीन, म्हणजे पीपी. त्यात बीपीए कधी नव्हतंच. लिहायचं तर 'पीपी' लिहा, वाचणाऱ्याला त्यातून जास्त कळतं.

आणि चहाचा रंग: पीपीएसयूचा तो जात्याच रंग आहे, मधासारखा. जुना माल नव्हे. हे वाक्य वेबसाईटवर नक्की घाला, तुमचा निम्मा वेळ वाचेल.

---

सांगलीचा_सदा
मंगळवार, सकाळी ९:१५

दादा, फार उपयोगी माहिती. पण खोक्यावर पीपीएसयू छापलंय म्हणजे आत पीपीएसयूच आहे हे मी कशावरून मानू? तिप्पट पैसे मोजलेत.

---

साचा_आणि_ठसा
मंगळवार, सकाळी ९:४०

दादा नव्हे, ताई. 🙂 होतं असं, सवय आहे.

घरच्या घरी एक चाचणी करता येते. बादलीभर पाणी घ्या. बाटलीचं टोपण, रिंग, निपल, रबरी चकती सगळं काढा. नुसतं भांडं पाण्यात तिरकं बुडवून आतली हवा पूर्ण जाऊ द्या, एक बुडबुडा राहता कामा नये. मग हात सोडा. पीपी पाण्याहून हलकं असतं, घनता साधारण ०.९. ते वर येऊन तरंगतं. पीपीएसयू १.२९ च्या आसपास, ते सरळ बुडाशी जातं.

याची मर्यादाही सांगते. पॉलिकार्बोनेटही बुडतं आणि ट्रायटनही बुडतं. म्हणजे बाटली बुडाली तर 'पीपीएसयूच आहे' असं सिद्ध होत नाही. पण तरंगली तर ती पीपीएसयू नाही हे मात्र नक्की.

---

मंदाकिनी_आजी
मंगळवार, दुपारी १२:२०

आमच्या वेळी हे आकडे नव्हते. चांदीचं बोंडलं होतं. मांडीवर बाळ आडवं घ्यायचं, बोंडल्याची चोच ओठाच्या कडेला टेकवायची आणि थेंब थेंब सोडायचं. धुवायला काही नाही, ना भोक ना कोपरा. माझी तीनही मुलं आणि चार नातवंडं त्यावर वाढली. बाटली हवीच कशाला?

---

वॉर्ड_नंबर_चार
मंगळवार, दुपारी ३:१०

आजी, तुमच्या बोंडल्याला माझाही पाठिंबा. मी बत्तीस वर्षं बालरुग्ण विभागात परिचारिका होते. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना आम्ही बोंडल्यासारख्याच चोचीच्या भांड्याने दूध पाजायचो. वाटी-चमचाही तसाच बरा. कारण तुम्हीच सांगितलंत, ना भोक ना कोपरा. ज्या घरी पाण्याची बोंब आहे तिथे मी आजही बाटली सुचवत नाही. पण सहा महिन्यांची रजा संपवून नोकरीवर जाणारी आई आणि घरी सांभाळणारी बाई, तिथे बाटली येते, आणि आली की ती नीट वापरली जावी एवढंच आपल्या हातात.

सदा, तुझ्या वयाच्या प्रश्नाबद्दल. '० ते २४ महिने' हे बाटलीचं वय कसं असेल? बाटली म्हणजे भांडं. वय असतं ते निपलचं, म्हणजे दूध किती वेगाने येतं त्याचं. अगदी लहान बाळाला सावकाश, तीनएक महिन्यांनंतर मध्यम, सहा महिन्यांच्या पुढे जास्त, असं कंपन्या लिहितात. पण एका कंपनीचं 'सावकाश' दुसऱ्या कंपनीच्या 'मध्यम' एवढं निघतं. सगळ्यांना लागू होईल असं एक माप नाही.

म्हणून मी आयांना वयापेक्षा बाळाकडे बघायला सांगते. बाटली उलटी धरली तर थेंब थेंब पडावा, धार लागू नये. पिताना ओठाच्या कोपऱ्यातून दूध ओघळतंय, घटाघट आवाज येतोय, ठसका लागतोय, तर वेग जास्त आहे, खालचं निपल लावा, मग खोक्यावर काही का लिहिलेलं असेना. उलट बाळ जोर लावून लावून थकतंय, अर्धा-पाऊण तास झाला तरी संपत नाही, चिडतंय, तर वेग कमी पडतोय. नुसतं अंगावरचं पिणारं बाळ सहा महिन्यांचं झालं आणि पहिल्यांदा बाटली घेतंय, तरी सुरुवात सावकाश निपलनेच करावी असं माझं मत. अंगावर त्याला दमानं पिण्याची सवय असते.

आणि शेवटचं वय २४ महिने तर मुळीच लिहू नकोस. वर्षाच्या आसपास पेल्याची सवय लावावी, दीड वर्षापर्यंत बाटली सुटलेली बरी. रात्री तोंडात बाटली ठेवून झोपणाऱ्या मुलांचे पुढचे दात किडलेले मी फार पाहिलेत.

---

मेघा_नि
मंगळवार, सायं. ६:४५

ताई, निपल कमी पडतं त्यावरून माझा किस्सा. मुलगी पाच महिन्यांची होती. दोन मिनिटं प्यायली की निपल चप्पट होऊन आत ओढलं जायचं आणि ती रडायची. मला वाटलं आता हिला वरच्या नंबरचं निपल लागणार. आणलं, तर ठसका. परत जुनं लावलं, परत चप्पट. चार दिवस हाच खेळ.

मग सासूबाईंनी बाटली भरली त्या दिवशी काहीच झालं नाही. त्यांच्या मनगटात जोर नाही, त्यांनी रिंग सैल लावली होती! गळू नये म्हणून मी ती दात-ओठ खाऊन पिळत होते. निपलच्या खालच्या काठाला एक बारीक चीर असते, दूध जाईल तशी तिथून हवा आत यायला हवी. मी पिळून तीच बंद करत होते. आता रिंग लावते आणि मग एक पाव फेरा मागे घेते. गळत नाही आणि चप्पटही होत नाही. हे एक वाक्य खोक्यावर असतं तर माझे चार दिवस वाचले असते.

---

वॉर्ड_नंबर_चार
मंगळवार, सायं. ७:०२

अगदी बरोबर. आणि काहीजणी यावर उपाय म्हणून सुई तापवून भोक मोठं करतात. पेज किंवा नाचणीचं सत्त्व बाटलीतून जावं म्हणूनही करतात. तसं करू नये. सुईने केलेल्या भोकाच्या कडा फाटत जातात, तुकडा सुटून बाळाच्या घशात जाऊ शकतो. घट्ट पदार्थ वाटी-चमच्यानेच द्यावा, बाटली त्यासाठी नव्हेच.

---

रंगराव_पुणे
मंगळवार, रात्री ९:२०

ताई, आकड्याचं मान्य. पण प्लास्टिकमधून कण सुटतात त्याचं काय? डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजने २०२० साली दाखवलंय, लिटरला १ कोटी ६० लाख कण! मग मी काच म्हणालो ते बरोबरच ना?

---

साचा_आणि_ठसा
मंगळवार, रात्री १०:१०

तो अभ्यास मीही वाचला होता. १ कोटी ६० लाख हा ७० अंशाच्या पाण्याचा सर्वांत वरचा आकडा, 'इतके सुटतातच' असा नव्हे. त्यातली कामाची गोष्ट तापमान ही आहे. पाणी २५ अंशाला असताना कण लिटरला सहा लाखांच्या आसपास, ९५ अंशाला साडेपाच कोटींच्या घरात. म्हणजे गरमागरम पाणी प्लास्टिकमध्ये ओतणं आणि त्यातच खळाखळा हलवणं हे टाळायचं. हे कण पोटात जाऊन नक्की काय करतात हे त्या अभ्यासात नव्हतं. ते पीपीच्या बाटल्यांवर होतं, पीपीएसयूला तेच आकडे लावू नका.

काच उत्तमच. पण २५० मिलीची भरलेली काचेची बाटली सहा महिन्यांच्या बाळाच्या हातात देऊन बघा. दुसरं, काच बोरोसिलिकेट आहे का ते बघावं लागतं. साधी काच उकळत्या पाण्यातून काढून ओल्या ओट्यावर ठेवली की तडकू शकते.

---

वॉर्ड_नंबर_चार
मंगळवार, रात्री १०:३५

इथे एक गोम आहे, ती लक्षात घ्या. पावडरचं दूध करायचं तर पाणी किमान ७० अंशाचं हवं, कारण पावडर निर्जंतुक नसते. जागतिक आरोग्य संघटना २००७ पासून हेच सांगते. म्हणून कण टाळायला कोमट पाण्यात पावडर कालवाल तर एक भीती टाळून दुसरी ओढवून घ्याल.

वाट सोपी आहे. उकळलेल्या स्टीलच्या भांड्यात गरम पाणी मोजून घ्यायचं, त्यात पावडर घालायची, स्टीलच्या चमच्याने ढवळायचं, भांडं गार पाण्यात धरून निववायचं आणि मग बाटलीत ओतायचं. लिटरभर पाणी उकळून झाकून ठेवलं तर अर्ध्या तासापर्यंत ७० च्या वर राहतं, पेलाभर पाणी मात्र पटकन उतरतं. बाळाने तोंड लावलेलं दूध तासाभराने टाकून द्यायचं. 'एवढं महागाचं दूध' म्हणून पुढच्या वेळेला ठेवायचं नाही.

---

खटपट्या
बुधवार, सकाळी ८:१५

बाटलीवरच्या रेघांवर कोणी बोललंच नाही. आमच्या बाळाला शौचाला घट्ट होत होतं. डॉक्टरांनी विचारलं पावडर जास्त पडते का? बायको म्हणाली मोजूनच घालते, तीस मिलीला एक चमचा, १२० ला चार. मला असल्या गोष्टींचा नाद. स्वयंपाकघरातला वजनकाटा घेतला. रिकामी बाटली ४६ ग्रॅम. सपाट ओट्यावर ठेवून, डोळे रेघेच्या पातळीला आणून १२० पर्यंत पाणी भरलं. वजन १५८. म्हणजे पाणी ११२ ग्रॅम, म्हणजेच ११२ मिली. चार चमचे पावडर ११२ मध्ये पडत होती, दूध सात टक्क्यांनी दाट. दोन-तीन ग्रॅमचा फरक असता तर मीच चुकलो म्हटलं असतं, आठचा फरक म्हणजे रेघच चुकीची. रस्त्यावर घेतलेली बाटली होती, शिक्का नव्हता. ती टाकली. शौचाचं त्यामुळेच सुधारलं की नाही कोण जाणे, त्याच आठवड्यात डॉक्टरांनी पावडरही बदलली.

आणखी एक, छापलेल्या रेघा ब्रशने दोन महिन्यांत पुसट होतात. उठावाच्या असतील तर टिकतात. सदाभाऊ, हे लिहा.

---

सांगलीचा_सदा
बुधवार, सकाळी ११:००

लिहितो. माझ्या साध्या बाटलीच्या रेघा उठावाच्या आहेत, बाकी दोन्हींच्या छापील. आता धुण्याचं सांगा. 'स्वच्छ करायला सोपी' हे मी काढणार, कारण त्या महागड्या बाटलीचे भाग मोजले, सात निघाले.

---

मेघा_नि
बुधवार, दुपारी १:३०

सात?! आमच्या त्या पोटदुखी न होणाऱ्या बाटलीचे सहा होते आणि त्यातल्या एकानेच मला रडवलं. आत एक निळी रबरी चकती होती, नखाएवढी जाड. बाटली रोज धुऊन, उकळून लख्ख. तरी तोंड उघडलं की आंबूस वास. आठवड्याने चकती उपटून बघितली तर खालच्या खाचेत पिवळट, तुपकट थर, आणि कडेला काळे ठिपके. ती निघते हेच मला माहीत नव्हतं. मी ती तशीच बसलेली उकळत होते.

---

वॉर्ड_नंबर_चार
बुधवार, दुपारी २:१५

जिथे घाण आहे तिथे उकळून ती निघत नाही, शिजते फक्त. आधी धुणं, मग उकळणं.

मी असं सांगते. दूध संपलं की लगेच गार पाण्याने विसळायचं. आधी गरम पाणी घातलं तर दूध चिकटून बसतं. मग सगळे भाग सुटे करून गरम साबणाच्या पाण्यात, बाटलीसाठी वेगळ्या ठेवलेल्या पातेल्यात. बेसिनमध्ये टाकून नाही, तिथे कालच्या भाजीचं खरकटं असतं. ब्रशही वेगळा. निपल उलटं करून आतून चोळायचं आणि भोकातून पाणी जोरात काढून बघायचं. मग उकळायचं: पातेल्याच्या तळाला स्वच्छ फडकं घाला म्हणजे निपल तळाला चिकटून खराब होणार नाही, आणि बाटलीतली हवा काढून ती पूर्ण बुडवा. तरंगती राहिली तर वरचा भाग नुसता वाफाळतो. नंतर जाळीवर उपडी घालून वाऱ्याने वाळवायची. पदराने पुसायची नाही! इतकं करून पदराने पुसणाऱ्या आज्या मी पाहिल्यात (मंदाकिनीताई, तुम्हाला नाही म्हणत).

दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचं आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळाचं रोज उकळावंच. मोठ्या, धडधाकट बाळाला थोडं इकडेतिकडे चालतं. पण नीट धुणं कधीच सुटत नाही.

---

मेघा_नि
बुधवार, दुपारी २:४०

किती मिनिटं? माझ्या खोक्यावर ५ लिहिलंय.

---

वॉर्ड_नंबर_चार
बुधवार, दुपारी ३:००

आम्हाला वॉर्डात १० शिकवलं होतं, मी दहाच करते.

---

साचा_आणि_ठसा
बुधवार, दुपारी ३:२५

ताई, कंपनी ५ म्हणत असेल तर दुप्पट उकळल्याने पीपी लवकर धुरकट होते आणि बारीक चिरा पडतात. चिरेत परत दूध बसतं. मी पाचच म्हणेन.

---

वॉर्ड_नंबर_चार
बुधवार, दुपारी ३:४०

बाटली लवकर बदलावी लागली तर लागली. मी दहावरून हलणार नाही. 🙂

---

एडिसनकर
बुधवार, रात्री ९:००

आमच्याकडे न्यू जर्सीत सगळं डिशवॉशरमध्ये जातं, वरच्या कप्प्यात. हा वाद आमच्या घरी झालाच नाही. फक्त ती रबरी चकती एकदा खालच्या हीटरवर पडून वितळली, तेव्हापासून तिच्यासाठी जाळीची छोटी टोपली आणली.

---

साचा_आणि_ठसा
बुधवार, रात्री ९:२०

सदाभाऊंच्या 'कुकरमध्ये घालू का?'चं राहिलं. शिट्टी होते तेव्हा आत साधारण १२० अंश असतात. पीपीच्या बाटल्यांवर बहुधा ११० ते १२० लिहिलेलं असतं, म्हणजे अगदी कडेवर. तोंडाचा गोल जरासा अंडाकृती झाला की रिंग बसत नाही आणि बाटली गळायला लागते. पीपीएसयूला काही होत नाही, ते १८० पर्यंतची खात्री देतात. तिप्पट किमतीत तुम्ही मुख्यतः हेच विकत घेता.

सांगलीकडे बोअरचं पाणी जड असेल, तर काही दिवसांनी बाटलीत पांढरी पुटं दिसतील. ते दूध नव्हे, क्षार आहेत. पाण्यात थोडं व्हिनेगर घालून अर्धा तास ठेवा, मग धुवा. आया घाबरून बाटली परत आणतात, तेही लिहून ठेवा.

---

कायदेकानू
बुधवार, रात्री १०:१५

सगळं छान चाललंय, पण सदाभाऊ, लिहिण्याआधी १९९२ चा कायदा बघा. बाळाचं वरचं दूध, दुधाच्या बाटल्या आणि शिशुआहार यांची जाहिरात आपल्याकडे बेकायदा आहे. २००३ साली तो आणखी कडक केला. सूट, भेटवस्तू, नमुना, कसलंच आमिष चालत नाही. मानकाचा शिक्का नसलेली बाटली विकणंही गुन्हा आहे. आणि 'जाहिरात' या शब्दात लेबल, वेष्टन, परिपत्रक, आवाज, प्रकाश, धूर, इलेक्ट्रॉनिक प्रक्षेपण, सगळं येतं. होय, धूर सुद्धा!

---

सांगलीचा_सदा
बुधवार, रात्री १०:५०

बाप रे. म्हणजे होलसेलवाल्याचं 'प्रीमियम, बाळाची पहिली पसंती' हे तर सरळ गेलंच. पण नुसतं 'पीपी, २५० मिली, पाच भाग, कुकरमध्ये घालू नये' एवढं लिहिलं तर ती जाहिरात का?

---

कायदेकानू
बुधवार, रात्री ११:०५

माझ्या मते वापराची सूचना आणि खपवण्याचा मजकूर यात फरक आहे. पण व्याख्या इतकी पसरट आहे की छातीठोक सांगणार नाही. तुमच्या ओळखीच्या वकिलाला दाखवा.

---

सांगलीचा_सदा
शुक्रवार, रात्री १०:२०

मंडळी, दोन दिवस आलो नाही त्याला कारण आहे. गुरुवारी दुकान बंद करून मागच्या मोरीत बादली भरली. साध्या बाटल्या तरंगल्या, अपेक्षेप्रमाणे. मग चहाच्या रंगाच्या घेतल्या. माझ्याकडे दोन लॉट होते. पहिल्या लॉटमधल्या सगळ्या टुपकन तळाला. दुसऱ्या लॉटमधली पहिली सोडली, ती वर आली. वाटलं हवा राहिली असेल. परत बुडवली, उलटी केली, टिचकी मारली, एक बुडबुडा नाही. हात सोडला, परत वर. त्या लॉटच्या अकराच्या अकरा तरंगल्या. भाच्याने व्हिडिओ केलाय.

ताई, म्हणजे हे नुसतं रंगवलेलं पीपी का?

---

साचा_आणि_ठसा
शुक्रवार, रात्री १०:४५

पीपीएसयू नाही एवढं नक्की. पीपीत मधाळ रंग मिसळला असणार. त्या लॉटचा सीएम/एल नंबर घालून बघितलात?

---

सांगलीचा_सदा
शुक्रवार, रात्री १०:५८

बघितला. नंबर सापडतो, पण तो दुसऱ्याच कंपनीचा आहे आणि दुसऱ्याच वस्तूचा.

---

साचा_आणि_ठसा
शुक्रवार, रात्री ११:१०

मग एकही विकू नका. नुसता पीपी असता तर म्हटलं असतं, बाळाला धोका असेलच असं नाही, फसवणूक पैशांची आणि तापमानाची आहे. पण शिक्काच खोटा म्हटल्यावर पीपी कुठल्या दर्जाचा, रंग कुठला, काहीच सांगता येत नाही. त्याच अ‍ॅपमध्ये तक्रारीची सोय आहे.

---

सांगलीचा_सदा
शनिवार, दुपारी १२:३०

तक्रार केली. होलसेलवाला म्हणतो 'वरूनच तसा आला'. पैसे परत देतो की नाही बघू. त्या लॉटमधल्या एक डझनातली एक बाटली विकली गेली होती. गिऱ्हाईक ओळखीचं, फोन करून परत घेतली. पोर आठ महिन्यांचं, बाटली पहिल्याच कुकरात वाकडी झाली होती. ते मलाच विचारायला येणार होते.

आता वेबसाईट. वकिलाने बघून होईस्तोवर बाटल्यांचं पान बंदच ठेवतोय. मजकूर मात्र लिहिलाय, साध्या बाटलीचा इथे टाकतो, काय चुकलं सांगा:

'दुधाची बाटली, २५० मिली, पॉलिप्रॉपिलीन (पीपी). रंग दुधी. आयएस १४६२५ चा शिक्का आहे, लायसन्स नंबर बुडाला आहे, तपासून घ्या. मापाच्या रेघा उठावाच्या. एकूण पाच भाग: भांडं, रिंग, निपल, चकती, टोपण. पाचही सुटे करून धुवावेत, चकती नखाने उचलली की निघते. सोबतचं सिलिकॉनचं निपल सावकाश वेगाचं आहे. वेग बाळाच्या पिण्यावरून ठरवा, ठसका लागला किंवा दूध ओघळलं तर थांबा. रिंग पक्की पिळू नये. पाण्यात पूर्ण बुडवून उकळावी, प्रेशर कुकरमध्ये घालू नये. उकळतं पाणी थेट ओतू नये, दूध स्टीलच्या भांड्यात करून, निववून मग भरावं. निपल चिकट झालं, फुगलं किंवा चीर दिसली तर टाकून द्यावं. भांड्याला आतून ओरखडे पडले, धुरकट झालं तर तेही. वर्षाच्या सुमारास पेल्याची सवय लावावी. बाळाला वाटी-चमच्याने किंवा बोंडल्यानेही दूध देता येतं.'

---

वॉर्ड_नंबर_चार
शनिवार, दुपारी १:०५

चांगलं लिहिलंयस. उकळण्याची मिनिटं खुबीने गाळलीस की. 😄

---

सांगलीचा_सदा
शनिवार, दुपारी १:१०

तुमच्या दोघींच्या मध्ये कोण पडणार?

---

मंदाकिनी_आजी
शनिवार, दुपारी ४:००

बोंडल्याचं नाव घातलंस, बरं केलंस. तुझ्याकडे आहे का रे? पणतवंडासाठी बघतेय. स्टीलचं असलं तरी चालेल, पण चोचीची कड हाताला लागता कामा नये. दोन दुकानांत बघितली, दोन्हीकडे कड धारदार होती.

---

सांगलीचा_सदा
शनिवार, सायं. ५:४५

स्टीलची चार आहेत, आजी. आत्ताच चारही कडांवरून बोट फिरवलं. एकाची लागते. उरलेल्या तिन्हींतलं एक बाजूला ठेवतो.

---

भटक्या_कोथरूड
शनिवार, सायं. ६:३०

मग बाबागाडीचा धागा मी काढू का?